कार्पल टनेल सिंड्रोम

मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह दाबली गेल्यामुळे हाताला मुंग्या येणे, बधिरपणा आणि पुढे अंगठ्याची कमजोरी असा होणारा विकार. रुग्ण तो बहुतेक वेळा एकाच वाक्यात सांगतात: ‘रात्री हात मरतो, झटकला की बरं वाटतं.’ हे झटकणे निदानाच्या दृष्टीने इतके बोलके आहे की अनुभवी डॉक्टर ते मुद्दाम विचारून घेतात.

रचना. मनगटाची छोटी हाडे कमानीसारखी मांडलेली असतात आणि तळहाताच्या बाजूने त्यांच्यावर एक जाड, आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. हाडे म्हणजे बोगद्याची जमीन, अस्थिबंध म्हणजे छत. आतून बोटे वाकवणाऱ्या ८ कंडरा, अंगठा वाकवणारी १ आणि मीडियन नर्व्ह जाते. नर्व्ह छताला लागून असते. हाडे हलत नाहीत आणि छत फारसे ताणले जात नाही, त्यामुळे कंडरांवरचे आवरण जरासे सुजले तरी दाब नर्व्हवरच येतो. मनगट सरळ असताना निरोगी माणसाच्या बोगद्यातला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आतच असतो. या विकारात तो विश्रांतीतही ३०च्या आसपास जातो आणि मनगट पूर्ण वाकवले की कित्येक पटींनी वाढतो. झोपेत आपण नकळत मनगट मुडपून ठेवतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

कोणता भाग बधिर होतो आणि कोणता नाही, हे रचनेवरूनच कळते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू ही या नर्व्हची हद्द. अनामिकेची एक कड बधिर आणि दुसरी शाबूत असेल तर मनगटाबद्दलचा संशय बळावतो. तळहाताच्या अंगठ्याकडच्या फुगवट्यावरची त्वचा मात्र चांगली राहते, कारण तिच्याकडे जाणारी फांदी बोगद्याच्या अलीकडेच फुटून छतावरून जाते. ती त्वचाही बधिर असेल तर दोष आणखी वर शोधावा. अंगठ्याचे टोक वाकवणारा स्नायू कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतो. तो कमजोर असला तरी हाच नियम लागू. बोगद्यापलीकडची फांदी अंगठ्याला तळहातापासून उचलणाऱ्या स्नायूंना जाते, आणि आजार जुना झाला की तोच फुगवटा चपटा दिसू लागतो.

तपासणीत काय दिसते. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये (बोलीत ‘एनसीव्ही’) मनगटापाशी विजेचा हलका झटका देऊन संदेश बोटापर्यंत किंवा स्नायूपर्यंत किती वेळात आणि किती जोरात पोहोचतो ते मोजतात. वेळ आणि जोर या दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्यात. दाबामुळे आधी तंतूंवरचे मायेलिनचे वेष्टन झिजते. संदेश पोहोचतो, पण उशिरा. दाब टिकला तर आतले तंतूच मरतात आणि संदेशाचा जोर, म्हणजे रिपोर्टमधले ‘ॲम्प्लिट्यूड’, घसरते. झिजलेले वेष्टन काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येते. मेलेल्या तंतूची वाढ फार सावकाश होते आणि ती पुरी होईलच असे नाही. मनगट सरळ ठेवणारा पट्टा की शस्त्रक्रिया, हा प्रश्न बराचसा इथेच सुटतो.

स्नायूपर्यंतचा वेळ साधारण ४.४ मिलिसेकंदांच्या वर गेला तर तो लांबलेला मानतात. नेमकी मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःची ठरवते. सुरुवातीच्या आजारात हा आकडा ठीकच असतो, कारण संवेदनेचे तंतू आधी बिघडतात. अशा वेळी अनामिका कामाला येते. तिच्यात मीडियन आणि करंगळीच्या बाजूची, बोगद्याबाहेरून येणारी अल्नर अशा दोन्ही नर्व्ह येतात, त्यामुळे सारख्याच अंतरावरून दोघींचा वेळ मोजून वजाबाकी करता येते. फरक सुमारे ०.५ मिलिसेकंदांहून जास्त आला तर बोगद्यात अडथळा आहे. मधुमेहात सगळ्याच नर्व्ह मंदावलेल्या असतात, तिथेही त्याच हातातली ही तुलना दिशाभूल टाळते.

चुकीचे रिपोर्ट बहुधा थंड हातामुळे येतात. एसीच्या खोलीत गार पडलेल्या हातात प्रत्येक अंशामागे संदेश सुमारे ०.२ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्वचा ३२ अंशांपर्यंत गरम न करता काढलेल्या रिपोर्टवर शस्त्रक्रिया ठरवू नये. उलट, लक्षणे ठळक असूनही काही रुग्णांचा रिपोर्ट नॉर्मल येतो. तेवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही.

पट्टा की शस्त्रक्रिया. ठोकताळा दाखवायला एक कल्पित पण नेहमीच्या वळणाचा रुग्ण घेऊ. ४८ वर्षांची बाई, पोळी-भाजी केंद्रात रोज दीडदोनशे पोळ्या लाटते. चार महिने उजवा हात रात्री दोनदा जागे करतो, दिवसा ठीक असतो. स्नायूपर्यंतचा वेळ ५.१ मिलिसेकंद, अनामिकेतला फरक १.१, पण जोर उत्तम आणि फुगवटा भरलेला. म्हणजे वेष्टन झिजले आहे, तंतू जिवंत आहेत. इथे पट्टा. थायरॉइड आणि साखर तपासायची, आणि मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रोज रात्री किमान ६ आठवडे बांधायचा. दुकानातून आणलेल्या कॉक-अप स्प्लिंटमधली धातूची पट्टी बरेचदा मनगट मागे वाकवून ठेवते. तसे वाकवल्यानेही दाब वाढतोच, म्हणून ती पट्टी काढून सरळ करून घ्यावी. नुसता ताणणारा इलॅस्टिकचा पट्टा मनगट धरून ठेवत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो, पण सहा महिन्यांनी त्याची पट्ट्यावर आघाडी उरत नाही. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो, तिथेही पट्टाच आधी.

हीच बाई वर्षभराने परत येते. आता बधिरपणा दिवसभर आहे, ब्लाऊजची हुकं लागत नाहीत, फुगवटा बसला आहे. संवेदनेचा संदेश मिळतच नाही, स्नायूचा जोर निम्म्यावर आला आहे आणि सुईच्या तपासणीत स्नायूची नस तुटत असल्याच्या खुणा आहेत. आता पट्ट्यात दवडलेला प्रत्येक महिना तंतूंच्या जिवावर बेततो, छत कापून नर्व्ह मोकळी करावी. थोडक्यात सतत बधिरपणा, स्नायूची झीज किंवा तंतू मेल्याचा पुरावा असेल तर शस्त्रक्रिया, आणि नीट बांधलेल्या पट्ट्याने सहा आठवडे ते तीन महिन्यांत फरक न पडल्यासही तीच. मनगटाचे हाड मोडल्यावर काही तासांत वाढत जाणारा बधिरपणा ही मात्र तातडी आहे. तिथे एनसीव्हीची वाट पाहत नाहीत.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या १७६ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के, तर पट्ट्याच्या गटात ७५ टक्के रुग्ण सुधारले. पण तोवर पट्ट्याच्या गटातल्या ४१ टक्के जणांनी शस्त्रक्रिया करून घेतलीच होती. तो ७५चा आकडा नुसत्या पट्ट्याचा नाही, हे सांगायचे अनेकदा राहून जाते.

शस्त्रक्रिया अनामिकेच्या रेषेत छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीने होते. रात्रीच्या मुंग्या काही दिवसांतच थांबतात, बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो, पकड बळकट व्हायला सुमारे तीन महिने लागतात आणि तोवर तळहाताच्या दोन्ही कडा दुखऱ्या राहू शकतात. बसलेला फुगवटा नेहमीच भरून येत नाही. त्रास तसाच राहिला तर छताचा पुढचा काठ कापायचा राहून गेला असण्याची शक्यता आधी पाहावी. फेरतपासणीत वेळ अजून लांबलेला दिसला म्हणून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. पूर्ण बरे झालेल्या हातातही तो वेळ पुष्कळदा कायमचा थोडा जास्तच राहतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा रिपोर्ट जपून ठेवावा आणि नवा त्याच्याशी ताडून पाहावा.