दोन फोन, एक तबला आणि घरातलं वाय-फाय

तबल्याच्या ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्याला शिक्षकांचा चेहरा दिसून फारसा उपयोग नसतो. त्याला बोटं दिसायला हवीत. म्हणून आमच्याकडे घरातले दोन फोन स्टँडवर बसवले, एक दायाँ-बायाँच्या वर आणि एक समोरून. दोन्हींचं चित्र लॅपटॉपवरच्या ओबीएस या व्हिडिओ जोडून प्रसारित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाय-फायने घेतलं. पहिल्या दिवशी ‘तिरकिट’ सुरू झालं की नेमकं तिथेच चित्र गोठायचं. इंटरनेटचा वेग तपासला तर भरपूर. वेग तपासणं हीच चूक होती, कारण फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा प्रवास घरातच होतो, त्यात इंटरनेट येतच नाही.

वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे थांबतात. लॅपटॉपही वाय-फायवर असेल तर फोनचं प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं: फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे. दोन फोन म्हणजे चार फेऱ्या. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला की फेऱ्या निम्म्यावर येतात. माझ्या मते सगळ्या उपायांत हा पहिला, आणि तो एका केबलच्या खर्चात होतो. फोन मात्र ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून नीट जात नाही, म्हणून राउटर त्याच खोलीत हवा.

खरा त्रास मोजायचा तर फोन चित्र पाठवत असतानाच विंडोज लॅपटॉपवरून फोनच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं. फोन रिकामा असला तर त्याचं वाय-फाय वीज वाचवायला डुलक्या घेतं आणि आकडे फसवे येतात.

```
ping -t 192.168.1.31
```

आमच्याकडे ४, ५, ४ आणि मधेच १८० मिलिसेकंद असं दिसलं. सरासरी उत्तम होती, पण त्या एका १८० ने चित्र अडखळत होतं. ३० फ्रेमच्या चित्रात दर ३३ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम लागते, इथे पाचेक फ्रेम एकदम उशिरा पोचल्या.

यावर उपाय म्हणजे ठरवून थोडं मागे राहणं. एसआरटी हा प्रोटोकॉल हेच करतो: पॅकेट ठरावीक काळ राखून ठेवतो आणि त्या अवधीत हरवलेलं पुन्हा मागवतो. फोनमध्ये लॅरिक्स ब्रॉडकास्टरसारखं अ‍ॅप घ्या आणि त्यात लॅपटॉपचा पत्ता द्या, जसं `srt://192.168.1.20:9001`. ओबीएसमध्ये `Media Source` घेऊन `Local File` ची खूण काढा, `Input Format` मध्ये `mpegts` लिहा आणि `Input` मध्ये हे:

```
srt://0.0.0.0:9001?mode=listener&latency=300000
```

दुसऱ्या फोनला 9002. इथला `latency` मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे हे ३०० मिलिसेकंद झाले. नुसतं 300 लिहिलं तर राखीव वेळ जवळपास शून्य होतो, आणि ही चूक पटकन लक्षात येत नाही. दोन्ही टोकांना वेगळे आकडे असले तर मोठा लागू होतो. १०८०पीला ४ ते ५ एमबीपीएस बिटरेट पुरतो. आणखी एक: `Restart playback when source becomes active` ची खूण काढा, नाहीतर दर वेळी सीन बदलला की जोडणी नव्याने सुरू होते.

आता चित्र स्थिर होतं, पण उशिरा येतं. माइक लॅपटॉपला जोडलेला असल्याने आवाज आधी ऐकू येतो, आणि तबल्यात हे असह्य होतं: ‘ना’ वाजून जातो, मग बोट किनारीवर पडतं. दोन्ही फोन पडद्यावर शेजारी ठेवून एकच ‘ना’ रेकॉर्ड केला आणि एडिटरमध्ये फ्रेम मोजल्या. नवा फोन आवाजापेक्षा १२ फ्रेम मागे होता, म्हणजे ४०० मिलिसेकंद. जुना १५ फ्रेम, म्हणजे ५००. नव्याला `Video Delay (Async)` हा फिल्टर लावून १०० मिलिसेकंद थांबवलं आणि माइकच्या `Sync Offset` मध्ये 500 घातलं. तिन्ही जुळले.

एवढं करूनही संध्याकाळी चित्र खडबडीत होऊ लागलं. पिंग मात्र स्वच्छ होतं. खोलीत उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड घेतो, आणि ३० फ्रेमच्या १५ होतात. अ‍ॅपमध्ये फ्रेमरेट ३० वर पक्का केला, शटर १/५० वर ठेवला, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवेही लुकलुकत नाहीत, आणि तबल्याशेजारी एक दिवा आणून ठेवला. तेव्हापासून संध्याकाळच्या वर्गातही बोटं नीट दिसतात.