कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील : घरी बांधायचा संच

पाकिटात बांबूच्या २२ सेंमीच्या २६ कामट्या आहेत. लागतात २४, दोन जास्तीच्या, कारण एखादी हमखास मोडते. शिवाय ३० सेंमीची एक लांब कामटी, जाड दोऱ्याची गुंडी, दोन रंगांचा पतंगी कागद आणि शेपट्यांसाठी कापलेल्या पट्ट्या. शेपट्या सोडून कंदील साधारण २८ सेंमी उंच होतो.

तुमच्याकडचं लागेल ते असं: कात्री, पट्टी, पेन्सिल, खळ आणि वायर-होल्डरसह ५ वॉटचा एलईडी दिवा. जुना पिवळा बल्ब लावू नका, तो तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. खळ आम्ही देत नाही, पाकिटात ती आंबते. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून चमच्याला चिकटेपर्यंत शिजवा. पातळ राहिली तर कागदाचा रंग सुटतो.

अवघड आहे का? घट्ट गाठ मारता येत असेल तर नाही. दहा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं कुणीतरी बसावं, कामटीची कूस बोटात जाते. सांगाड्याला दोन-अडीच तास, कागदाला दीड तास, मग रात्रभर वाळवण. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पाकीट उघडू नका.

आता सांगाडा. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून एक सेंमीवर खूण करा आणि खुणेवर खूण ठेवून बांधा. चार कामट्यांचा एक, असे सहा चौकोन. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे करा, शंकरपाळ्यासारखे, आणि शेजारच्यांचे कोपरे एकमेकांना बांधा. वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन आडवा बसतो. मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही.

इथेच बहुतेकांचा कंदील बिघडतो. गाठी पक्क्या असल्या तरी सांगाडा पिळला जातो, कारण चौकोन दाबला की तिरका होतो. पहिल्या वर्षी आम्ही हे लिहिलंच नव्हतं आणि वाकड्या कंदिलांचे बरेच फोटो आले. म्हणून २८ सेंमीचा दोरा कापून घ्या आणि प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही कर्णांवर ताणून पाहा. एका कर्णाला अपुरा पडला आणि दुसऱ्याला उरला, तर चौकोन तिरका आहे. दाबून सरळ करा. लांब कामटी वरच्या चौकोनात कर्णावर बांधा, होल्डर तिलाच लटकतो.

सांगाड्याला खरा ताठपणा कागद देतो. आधी बाजूचे चार चौकोन चिकटवा, पण प्रत्येक चिकटवण्यापूर्वी दोरा पुन्हा लावून पाहा. वाकडा वाळला की सुधारता येत नाही. मग दुसऱ्या रंगाने त्रिकोण. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. कागद चारही बाजूंनी दीड सेंमी जास्त कापून कामटीवरून आत दुमडा. ओला असताना सुरकुत्या दिसल्या तरी ओढू नका, वाळताना तो बराचसा ताणला जातो. शेपट्या सगळ्यात शेवटी.

हा कंदील पावसाचा नाही. पतंगी कागद भिजला की फाटतो, त्यामुळे उघड्या गच्चीत टांगणार असाल तर हा संच घेऊ नका.