कॅसिनो पगारपत्रक मागतं ते पैसे बुडवायला?

“लंडनमधल्या ऑनलाइन कॅसिनोत मोठी रक्कम भरली, तर पैसे कुठून आले म्हणून विचारतात. जिंकलेलं द्यायचं नाही, म्हणूनच ना?”

नाही. ब्रिटनच्या २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनी कॅसिनोला ग्राहकाची तपासणी बंधनकारक केली. त्यासाठीची मर्यादा २,००० युरो ठेवली. हरणाऱ्यालाही हेच प्रश्न येतात, फक्त त्याची तक्रार कुणी ऐकत नाही!

समजा, एका नर्सच्या हातात महिन्याला २,४०० पौंड पगार पडतो आणि तिने आठवड्यात ६,००० भरले. इथे पगारपत्रक देऊन भागत नाही, उलट शंका वाढते. पैसे पुण्यातला फ्लॅट विकून आले असतील, तर खरेदीखत, ती रक्कम भारतातल्या खात्यात जमा झाल्याची नोंद आणि तिथून लंडनच्या खात्यात आल्याची नोंद, अशी साखळी जुळायला हवी. मधला एक दुवा गाळला किंवा स्टेटमेंटवरच्या ओळी काळ्या केल्या, की प्रकरण अडकतं. मित्राच्या कार्डावरून भरलेले पैसे तर समजावणंच कठीण.

कधी ‘तपासणी चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. संशयाचा अहवाल राष्ट्रीय गुन्हे संस्थेकडे गेला असेल, तर ते ग्राहकाला सांगून तपासात अडथळा आणणं हा कर्मचाऱ्यासाठी गुन्हा ठरू शकतो.

मात्र ओळखीचे जे कागद आधीच मागता आले असते, ते पैसे काढताना अट म्हणून पुढे करणं जुगार आयोगाच्या नियमांत बसत नाही. तक्रार करायची तर त्या मुद्द्यावर.