फार्माकोजेनॉमिक्स : औषधाचा परिणाम जनुकावर ठरतो, वंशाच्या पाटीवर नाही

एकच औषध एकाच मात्रेत दिले तरी एका रुग्णाला गुण येतो, दुसऱ्याला काहीच होत नाही आणि तिसऱ्याच्या जिवावर बेतते. या फरकाची कारणे रुग्णाच्या जनुकांमध्ये शोधणाऱ्या शाखेला फार्माकोजेनॉमिक्स म्हणतात. आर्नो मोटुल्स्की यांनी १९५७ मध्ये औषधांच्या विपरीत परिणामांची आनुवंशिक कारणे एकत्र मांडली. दोन वर्षांनी फ्रीडरिश फोगेल यांनी या अभ्यासाला ‘फार्माकोजेनेटिक्स’ हे नाव दिले. पुढे एकेका जनुकाऐवजी सगळा जनुकसंच तपासता येऊ लागला आणि आजचे नाव रूढ झाले. औषधाचे विघटन करणारी एन्झाइमे, औषध जिथे काम करते ती प्रथिने आणि औषधाला परके समजून त्याच्यावर उलटणारी प्रतिकारशक्ती, या तिन्हींच्या जनुकांत माणसागणिक बदल असतात.

हा फरक पूर्वी वंशाच्या नावाने नोंदवला जाई, आणि काही औषधांच्या माहितीपत्रकांत अजूनही तसा उल्लेख सापडतो. ती नोंद कुठे चुकते हे समजण्यासाठी या शाखेतील सर्वांत जुने आणि सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण पाहावे. ते हिवतापावरच्या प्रायमाक्वीन या औषधाचे आहे.

व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. यकृतातले हे परजीवी मारण्यासाठी प्रायमाक्वीन देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर या गटातील औषधांच्या चाचण्या अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर झाल्या. बंदिवानाची संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न त्या चाचण्यांना कायमचा चिकटलेला आहे आणि तो विसरता कामा नये. शिकागो विद्यापीठातील आल्फ आल्विंग यांच्या गटाला तिथे असे दिसले की, रोज ३० मिलिग्रॅम प्रायमाक्वीन घेतलेल्या काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या लाल रक्तपेशी काही दिवसांत फुटू लागतात. लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात, हिमोग्लोबिन घसरते. हा त्रास कृष्णवर्णीयांपैकी सुमारे दहा टक्क्यांनाच होत होता, तरीही तो ‘निग्रो रुग्णांचा’ दोष म्हणून ओळखला जाऊ लागला. उरलेल्या नव्वद टक्क्यांबद्दल ती पाटी काहीच सांगत नव्हती.

दोष कुठे आहे हे शोधायला या गटाने एक सुरेख प्रयोग केला. त्रास होणाऱ्या माणसाच्या लाल पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या त्रास न होणाऱ्या माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्वीन दिले. खूण केलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या. मग उलट करून पाहिले. निरोगी पेशी त्रास होणाऱ्या माणसाच्या शरीरात सोडल्या, तर त्या टिकल्या. म्हणजे दोष यकृतात नव्हता, रक्तद्रवात नव्हता, तो पेशीच्या आतच होता. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि आल्विंग यांच्या गटाने तो नेमका सांगितला : पेशीत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच जी६पीडी, हे एन्झाइम कमी असते.

लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून स्वतःला वाचवायला तिला जी रासायनिक शिदोरी लागते, ती केवळ जी६पीडीच्या मार्गाने तयार होते. प्रायमाक्वीनपासून शरीरात बनणारे काही पदार्थ नेमका हाच मारा करतात. एन्झाइम कमी असेल तर शिदोरी लवकर संपते, हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीत साचतात आणि पेशी नष्ट होते. या साखळीत त्वचेच्या रंगाला कुठेही जागा नाही.

एन्झाइम मोजता येऊ लागले तशी जुनी पाटी गळून पडली. काही वर्षांतच हीच कमतरता सार्डिनिया बेटावरच्या इटालियन लोकांत, ग्रीकांत आणि कुर्दिस्तानातून आलेल्या ज्यू लोकांत सापडली. बाकला नावाच्या शेंगेचे दाणे खाऊन भूमध्य समुद्राकाठच्या काही लोकांना होणारी कावीळ याच दोषामुळे होते, हेही तेव्हाच उलगडले. मग ही कमतरता कुठे जास्त आणि कुठे कमी, हे कशावर ठरते? उत्तर सार्डिनियातच मिळाले. तिथल्या सखल भागात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, त्या गावांत प्रमाण जास्त निघाले. डोंगरावरच्या गावांत ते बरेच कमी होते. एकाच बेटावर, एकाच समाजात हा फरक होता. जी६पीडी कमी असलेल्या पेशींमुळे गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळते, म्हणून जिथे हिवताप होता तिथे हे बदल टिकले आणि वाढले. जगाच्या नकाशावर ते पश्चिम आफ्रिकेपासून ओडिशा आणि थायलंडपर्यंत पसरले आहेत. तो नकाशा डासांचा आणि हिवतापाचा आहे, वंशांचा नाही.

भारतातली पहिली नोंद १९६३ मध्ये मुंबईतल्या पारशी समाजातून आली. पुढे देशभरच्या पाहण्यांत निरनिराळ्या जाती, जमाती आणि भाषिक गटांमध्ये हे प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत आढळले. ‘भारतीय रुग्ण’ एवढे कळल्याने डॉक्टरला काय कळले, हा प्रश्न इथेच उभा राहतो. भारतात तीन बदल प्रामुख्याने सापडतात आणि त्यांची नावे बोलकी आहेत. सर्वांत जास्त सापडतो तो ‘मेडिटेरेनियन’, दुसरा ‘केरळ-कल्याण’ आणि तिसरा ‘ओरिसा’, जो आदिवासी समाजांत विशेष आढळतो. ‘केरळ’ आणि ‘कल्याण’ हे आधी दोन वेगळे प्रकार समजले जात. १९९२ मध्ये जनुक वाचून पाहिले, तर दोन्हींत प्रथिनाच्या ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन आलेले होते. बदल एकच होता, नावे दोन ठिकाणांची होती. आणि मुंबईत ओपीडीत बसलेल्या मराठी माणसाच्या रक्तात इटलीतल्या शेतकऱ्याच्या रक्तातला ‘मेडिटेरेनियन’ बदल असू शकतो.

कोणता बदल आहे याने उपचारात फरक पडतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ‘ए-वजा’ प्रकारात जुन्या पेशी फुटतात, नव्या पेशींत मात्र एन्झाइम पुरेसे असते, त्यामुळे त्रास बहुधा आपोआप थांबतो. ‘मेडिटेरेनियन’ प्रकारात नव्या पेशींतही एन्झाइम फारच थोडे असते, म्हणून औषध चालू राहिले तर पेशी फुटतच राहतात.

व्हायव्हॅक्स हिवताप झालेल्या ६० किलो वजनाच्या पुरुषाचे उदाहरण घेऊ. नेहमीची मात्रा दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस. एकूण २१० मिलिग्रॅम होतात. तपासणीत जी६पीडीची कमतरता निघाली तर दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच आणि आठ आठवडे देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकूण औषध ३६० मिलिग्रॅम, म्हणजे उलट जास्तच होते. पण दोन मात्रांच्या मध्ये फुटलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत लघवी चहासारखी काळपट झाली, पाठ दुखू लागली, दम लागला किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठावा लागतो.

तपासणीही डोळे मिटून स्वीकारता येत नाही. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी उरलेल्याच नसतात. उरलेल्या कोवळ्या पेशींमुळे अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो, म्हणून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. दुसरी अडचण स्त्रियांची आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे त्याची एकच प्रत, त्यामुळे त्याचे निदान सहसा सरळ असते. स्त्रीकडे दोन प्रती असतात. त्यातली एकच सदोष असेल तर तिच्या काही पेशी सशक्त आणि काही दुबळ्या निघतात, आणि हे प्रमाण प्रत्येक स्त्रीत वेगळे असते. सोपी ठिपका-चाचणी साधारण ३० टक्क्यांखालचेच एन्झाइम पकडते. ४० किंवा ५० टक्के एन्झाइम असलेली स्त्री त्यात निर्दोष ठरते. प्रायमाक्वीन किमान थांबवता तरी येते. टॅफेनोक्वीन हे नवे औषध एकाच मात्रेत देतात आणि ते शरीरात कित्येक आठवडे राहते, म्हणून त्याआधी एन्झाइम मोजून ७० टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करणे आवश्यक मानतात. दोन सख्ख्या बहिणींचे अहवाल इथे वेगळे येऊ शकतात, मग समाजाच्या किंवा वंशाच्या नावावर कुणी कसे विसंबावे?

वंशाची पाटी आजही किती ढोबळ राहते, हे फिट्‌सवरच्या कार्बामाझेपीन या औषधात दिसते. या औषधाने क्वचित त्वचा सोलून निघणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी असे ४४ रुग्ण तपासले. सगळ्यांकडे प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-बी*१५:०२ हे जनुकरूप निघाले. औषध सहज पचवणाऱ्या १०१ जणांत ते केवळ तिघांकडे होते. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने आशियाई पूर्वज असलेल्या रुग्णांत ही तपासणी आधी करावी, अशी सूचना दिली. सूचनेने जीव वाचले, यात शंका नाही. पण ‘आशियाई’ या शब्दात हान चिनी लोक येतात, ज्यांच्यात हे जनुकरूप बऱ्यापैकी आढळते, आणि जपानी लोकही येतात, ज्यांच्यात ते एक टक्क्याहून कमी आहे. जनुकरूप असलेल्या बहुतेकांना हा आजार होतही नाही. ते नसणे मात्र मोठा दिलासा देते, संपूर्ण हमी नव्हे, कारण एचएलए-ए*३१:०१ या दुसऱ्या जनुकरूपाचाही कार्बामाझेपीनच्या त्वचाविकारांशी संबंध आढळला आहे आणि ते युरोपीय लोकांतही सापडते.

पण एवढ्यावरून लोकसमूहांची आकडेवारी निरुपयोगी ठरत नाही. कुठे कोणती तपासणी उपलब्ध ठेवावी आणि तिच्यात कोणते बदल शोधावेत, हे तिच्यावरूनच ठरते. तिकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे ॲझाथायोप्रीन आणि मर्कॅप्टोप्युरीन या औषधांनी दाखवले. ही औषधे आतड्याच्या दाहाच्या आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देतात. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घसरू नयेत म्हणून या औषधांच्या विघटनाशी संबंधित टीपीएमटी या जनुकाची तपासणी रूढ झाली. त्या जनुकातले बदल युरोपीय रुग्णांत ओळखले गेले होते आणि तिथे उपयोगी पडत होते. आशियातल्या अनेक रुग्णांचे टीपीएमटी निर्दोष निघे आणि तरीही पेशी कोसळत. २०१४ मध्ये कोरियातील संशोधनातून एनयूडीटी१५ हे दुसरे जनुक पुढे आले. त्यातील बदल भारतातही टीपीएमटीच्या बदलांपेक्षा अधिक आढळतो. २०१८ पासून या औषधांच्या मात्रेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन्ही जनुकांचा विचार होतो. रुग्ण कोरियन असो, मराठी असो वा जर्मन, एनयूडीटी१५ च्या दोन्ही प्रती सदोष असतील तर मर्कॅप्टोप्युरीनची सुरुवातीची मात्रा खूप कमी ठेवावी लागते. टीपीएमटीचा अहवाल चांगला आला म्हणून ती वाढवता येत नाही.