सशुल्क व्हिडिओ सल्लासत्र

एखाद्या व्यवसायातल्या जाणकाराने वेळ राखून ठेवायची, ठरलेली फी घ्यायची आणि एका वेळी एकाच व्यक्तीला व्हिडिओ कॉलवर सल्ला द्यायचा, या पद्धतीला सशुल्क व्हिडिओ सल्लासत्र म्हणतात. शिकवणीत अभ्यासक्रम असतो, कंत्राटात तयार वस्तू द्यावी लागते. सल्लासत्रात दोन्ही नसते. ग्राहकाने आधीच केलेले काम किंवा त्याच्यासमोरचा एखादा निर्णय हाच त्याचा विषय असतो. करसल्ला, सॉफ्टवेअर मुलाखतीची तयारी, छायाचित्रांचे परीक्षण, अंतर्गत सजावट अशा अनेक क्षेत्रांत ही पद्धत चालते. या नोंदीत उदाहरण घेतले आहे ते पोर्टफोलिओ परीक्षणाचे: अॅप आणि संकेतस्थळे वापरायला सोपी करणारा, म्हणजे यूएक्स क्षेत्रातला, पुण्यातील अनुभवी डिझाइनर नोकरी शोधणाऱ्या डिझाइनरच्या निवडक कामांचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, पाहून त्यात काय बदलावे ते सांगतो.

सत्राची लांबी आणि खरा वेळ

सत्र ३० मिनिटांचे असो वा ६० मिनिटांचे, सल्लागाराचा वेळ त्याहून बराच जास्त जातो. पोर्टफोलिओ आधी पाहून ठेवायला साधारण २० मिनिटे लागतात. बोलणे झाल्यावर मुद्दे लिहून पाठवायला १५ आणि तारीख बदलणे, पावती, ‘लिंक उघडत नाही’ अशा निरोपांना मिळून आणखी १० मिनिटे जातात. बोलणे कितीही लहान ठेवले तरी ही ४५ मिनिटे फारशी घटत नाहीत. त्यामुळे अर्ध्या तासाचे सत्र प्रत्यक्षात ७५ मिनिटांचे ठरते, पाऊण तासाचे ९० मिनिटांचे आणि तासाभराचे १०५ मिनिटांचे.

पोर्टफोलिओसाठी पाऊण तास सर्वांत सोयीचा. पहिली पाच मिनिटे आवाज, स्क्रीन आणि ग्राहकाचा मुख्य प्रश्न स्पष्ट करण्यात जातात. पुढच्या २५ मिनिटांत दोन प्रकल्प नीट पाहून होतात. तिसरा घेतला की तिन्ही वरवर होतात. त्यानंतर दहा मिनिटे प्रकल्पांचा क्रम आणि पहिल्या पानावरच्या मजकुरासाठी, आणि शेवटची पाच पुढच्या कामांसाठी. अर्ध्या तासात एकच प्रकल्प होतो. म्हणून लहान सत्र विकायचे असेल तर ‘एक प्रकल्प, एक प्रश्न’ अशी अट वर्णनातच लिहावी लागते, नाहीतर ग्राहक पूर्ण पोर्टफोलिओ घेऊन येतो आणि सत्र हमखास लांबते.

सत्र लांबण्याचे कारण बहुतेक वेळा बोलण्याच्या ओघात नसून बुकिंगच्या अर्जात असते. ‘तुम्हाला काय विचारायचे आहे?’ असा मोकळा प्रश्न ठेवला की सहा प्रश्न येतात. त्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात: पोर्टफोलिओची लिंक, कोणत्या पदासाठी अर्ज चालू आहे, पाहायचे दोन प्रकल्प कोणते आणि सत्र संपताना ज्याचे उत्तर हवेच असा एक प्रश्न. लिंक सर्वांना पाहता येते का, हे अर्ज आल्या दिवशीच तपासावे. फिग्मा या डिझाइनच्या साधनातली किंवा गूगल ड्राइव्हची फाइल ‘प्रवेशाची विनंती करा’ असे म्हणू लागली आणि हे सत्राच्या वेळी कळले, तर आधी पाहून ठेवण्याचा भाग राहून जातो आणि ती वीस मिनिटे ग्राहकाच्या वेळेतून जातात. आधीच्या कंपनीचे गोपनीय काम दाखवू नये, हीही सूचना अर्जातच द्यावी.

फी कशी काढावी

बाजारात इतर लोक किती घेतात हे पाहून आकडा ठरवणे ही नेहमीची पद्धत. पण दुसऱ्याच्या फीमध्ये तयारी आणि लेखी मुद्दे धरलेले आहेत का, हे बाहेरून दिसत नाही. स्वतःच्या कामाचा तासाचा दर धरून उलटा हिशेब करणे अधिक भरवशाचे.

समजा या डिझाइनरला तासाला १,५०० रुपये सुटायला हवेत. पाऊण तासाच्या सत्राला दीड तास लागतो, म्हणजे २,२५० रुपये. अर्ध्या तासाच्या सत्राचे १,८७५ आणि तासाभराचे २,६२५ रुपये होतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बरेच जण तासाचा आकडा ठरवून त्याच्या निम्म्यात अर्धा तास देतात. तासाला २,६२५ असताना अर्ध्या तासाला सुमारे १,३०० घेतले, तर त्या ७५ मिनिटांचा दर ताशी १,०५० च्या आसपास उतरतो. स्वस्त असल्याने तेच सत्र जास्त विकले जाते, वेळापत्रक भरलेले दिसते आणि महिनाअखेरीस पैसे कमी का, हे कळत नाही.

त्यावर पैसे स्वीकारण्याचा खर्च येतो. ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन खात्यात पोहोचवणाऱ्या पेमेंट गेटवेने २ टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला, तर एकूण २.३६ टक्के कापले जातात. २,२५० हातात यायला फी सुमारे २,३०५ असावी लागते. बुकिंग आणि पैसे दोन्ही सांभाळणारा मंच १० टक्के ठेवत असेल, तर त्याच रकमेसाठी २,५०० घ्यावे लागतात. पहिल्या काही ग्राहकांना सवलत द्यायची असेल तर मूळ फी दाखवून सवलतीची मुदत लिहावी. मुळात कमी लावलेली फी नंतर वाढवणे अवघड जाते, कारण ओळखीतून येणारा प्रत्येक जण जुनाच आकडा ऐकून आलेला असतो.

सल्लागाराची एकूण वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते (ईशान्येकडील काही राज्यांत ही मर्यादा १० लाख आहे). या सेवेवरचा दर १८ टक्के. फी २,५०० ‘करासह’ अशी जाहीर केली असेल, तर नोंदणीनंतर त्यातले २,११९ रुपयेच सल्लागाराचे उरतात. उलाढाल मर्यादेजवळ येत असेल, तर फीपुढे ‘अधिक कर’ हे शब्द आधीपासूनच घालावेत.

बुकिंगची साधने

कॅलेंडली, कॅल डॉट कॉम, गूगल कॅलेंडरमधले अपॉइंटमेंट वेळापत्रक आणि टॉपमेटसारखे भारतीय मंच ही यातली प्रचलित साधने. मोकळ्या वेळा दाखवणे सर्वांना जमते. भारतात अडचण येते ती पैशांपाशी. कॅलेंडली पैसे घेते ते स्ट्राइप किंवा पेपालमार्फत. पेपालने भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सोय एप्रिल २०२१ पासून बंद केली, आणि स्ट्राइप भारतात सरसकट नवी खाती देत नाही. रुपये आणि यूपीआय हवे असेल तर एक तर रुपयांत पैसे घेणारा भारतीय मंच निवडावा, नाहीतर रेझरपेसारख्या गेटवेचे पेमेंट पान आधी आणि बुकिंगची लिंक नंतर, अशी जोडणी करावी. दुसऱ्या मार्गात लिंक एकदाच चालणारी असावी. कायमची लिंक दिली की ती मित्राला पुढे पाठवली जाते आणि पैसे न भरता सत्र ठरते.

काही जण क्यूआर कोड देऊन व्हॉट्सअॅपवर पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट मागवतात. सुरुवातीच्या पाच-सहा सत्रांना हे चालते, पण स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तो खोटा बनवता येतो आणि ‘प्रक्रियेत’ असलेला व्यवहार नंतर फसूही शकतो. खात्यात रक्कम जमा झालेली पाहूनच वेळ पक्की करावी.

सेटिंगमध्ये चार गोष्टी निर्णायक. दोन सत्रांमध्ये २० मिनिटांची मोकळीक, म्हणजे मुद्दे आठवणीत असतानाच लिहून होतात. बुकिंग किमान २४ तास आधी, नाहीतर तयारीला वेळ उरत नाही. दिवसाला सत्रांची कमाल संख्या. नोकरी सांभाळून करणाऱ्याला संध्याकाळी दोन पुरे. आणि साधनाने नोकरीचे व घरचे अशी दोन्ही कॅलेंडरे तपासणे. एकच जोडले तर मुलाच्या शाळेतली पालकसभा आणि सत्र एकाच वेळी पडते, आणि साधनाला त्यात काही चूक दिसत नाही.

परदेशातल्या मराठी ग्राहकांमुळे घड्याळाचा प्रश्न येतो. भारताचे घड्याळ वर्षभर एकच, पण अमेरिकेचे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते. न्यूयॉर्कचे सकाळचे ११ उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेआठ असतात, हिवाळ्यात साडेनऊ. निरोपात ‘संध्याकाळी आठला’ असे न लिहिता दोन्ही ठिकाणच्या वेळा तारखेसह लिहिल्या की घोळ टळतो. महिनोन्महिने चालणाऱ्या सत्रांच्या वेळा ऑक्टोबरअखेर पुन्हा तपासाव्यात.

सत्राच्या वेळी

झूमच्या मोफत खात्यात बैठक ४० मिनिटांनी बंद होते, दोघेच असले तरी. पाऊण तासाचे सत्र त्यात नेमके पुढच्या कामांच्या बोलण्यावर तुटते. गूगल मीटच्या मोफत कॉलमध्ये दोघांना ही अडचण येत नाही, मात्र तिसरी व्यक्ती सामील झाल्यास तासाची मर्यादा लागते. मोबाइलवरून आलेल्या ग्राहकाला पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. संगणकावरूनच यावे, ही सूचना बुकिंगच्या निरोपात हवी. इंटरनेट अडखळू लागले तर आधी दोघांनी कॅमेरे बंद करावेत. चेहरा गेला तरी चालतो, स्क्रीन जाता कामा नये. रेकॉर्डिंग करायचे असेल तर सुरू करण्याआधी विचारावे आणि ते किती दिवस ठेवणार हे सांगावे.

वेळ संपायला पाच मिनिटे असताना ते मोठ्याने सांगण्याची सवय उपयोगी पडते. त्यानंतर नवा प्रश्न आला तर तो लेखी मुद्द्यांत घेता येईल की दुसऱ्या सत्राचा आहे, हे तिथेच ठरवावे. ग्राहक आलाच नाही तर किती वाट पाहायची, याचा नियम बुकिंगच्या पानावर असावा. १० मिनिटे हा रूढ आकडा आहे. २४ तास आधी कळवल्यास एकदा तारीख बदलून मिळेल, त्यानंतर परतावा नाही, असे बहुतेक जण ठेवतात. आजारपण किंवा अचानक लागलेल्या मुलाखतीसाठी यातून सूट देणे व्यवहाराला धरून आहे. मात्र पैसे परत करताना गेटवे सहसा आपली कापलेली रक्कम परत करत नाही, ती सल्लागाराला सोसावी लागते.

व्यवसायानुसार बंधने

डिझाइन, छायाचित्रण किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये कोणीही सल्ला विकू शकतो. सर्वच व्यवसायांत तसे नाही. डॉक्टरांना मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना लागू आहेत. त्यांनुसार काही औषधे पहिल्या सल्ल्यात व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच लिहून देता येतात, तर काही दुरून देताच येत नाहीत. गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन द्यायचा तर सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी लागते. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार जाहिरात करता येत नाही, त्यामुळे ‘पहिले सत्र निम्म्या दरात’ असे पान त्यांना चालत नाही. चार्टर्ड अकाउंटंटांवरही अशीच बंधने आहेत. बुकिंग मंचावर नाव, फी आणि तारांकने एकत्र दिसतात, म्हणून या व्यावसायिकांनी मंचावर खाते उघडण्याआधीच आपल्या संस्थेचा नियम पाहणे आवश्यक असते.