इच्छा जास्त की ताबा सुटलेला?

“लग्नाला चार वर्षं झाली, तरी रोज इच्छा होते. मित्र म्हणतात, हे व्यसनच. खरं का?”

नाही. किती वेळा, यावरून आजार ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू असलेल्या आयसीडी-११ या यादीत अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण त्यात आठवड्याचा आकडा कुठेच नाही. पाहायचं ते ताब्याकडे.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारे दोघे आहेत. पहिल्याला रोज इच्छा होते. बायकोचा मूड नसेल तर तो थांबतो, कामाची पाळी चुकत नाही, झोप नीट. त्याची भूक मोठी, एवढंच. दुसरा माग चालू ठेवून संडासात मोबाइल घेऊन बसतो, धागा तुटून कापड बिघडतं, पगार कापला जातो. व्हिडिओ डिलीट करतो, शपथ घेतो, रात्री पुन्हा तेच. आता त्यात मजाही उरलेली नाही, तरी हात थांबत नाही. असं सहा महिने किंवा जास्त चाललं आणि घर, काम, तब्येत यांची वाट लागत असेल, तर तो विकार असू शकतो.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे: केवळ ‘हे पाप आहे’ म्हणून मन खात असेल, तर तेवढ्यावर हे निदान होत नाही. कितीतरी धडधाकट माणसं याच अपराधीपणात कुढतात.

इच्छा अचानक उसळली, सोबत झोप उडाली, पैसे उधळले जाऊ लागले, तर तो उन्माद हा मनाचा आजार असू शकतो. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनीही असं होतं. म्हणून जडीबुटीवाल्याकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.