अडॅप्टर म्हणजे नक्की कुठला? परदेशी प्लग, व्होल्टेज आणि लॅपटॉप चार्जरच्या लेबलमागची गोष्ट

लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात जाऊन "अडॅप्टर द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "कसला?" आणि त्याचं बरोबर आहे, कारण आपण लॅपटॉपच्या चार्जरला अडॅप्टर म्हणतो, राऊटरच्या बारा व्होल्टच्या काळ्या डबीला अडॅप्टर म्हणतो, थ्री पिनचं टू पिन करणाऱ्या तुकड्यालाही तेच आणि परदेशात न्यायच्या पांढऱ्या ठोकळ्यालाही तेच. यातल्या पहिल्या दोन वस्तू वीज बदलतात आणि शेवटच्या दोन फक्त पिनांचा आकार बदलतात. गोंधळाचं मूळ इथेच आहे असं माझं मत आहे.

पूर्वी हा घोळ नव्हता, कारण शब्द वेगळा होता. टेपरेकॉर्डर आणि ट्रान्झिस्टरच्या काळात घरात जो जड चौकोनी डबा असायचा त्याला सगळे एलिमिनेटर म्हणायचे, बॅटरी एलिमिनेटर. आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्ट आत आणि नऊ किंवा सहा व्होल्ट बाहेर, आणि हे प्रमाण तारेच्या वेढ्यांनी कायमचं ठरलेलं. तोच डबा अमेरिकेत १२० व्होल्टवर लावला तर बाहेरही साधारण अर्धंच मिळणार. कॉम्प्युटर आले, पाठोपाठ लॅपटॉप आले, एलिमिनेटर हा शब्द मागे पडला आणि सगळ्याचं अडॅप्टर झालं.

आता प्लगचे आकार आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वेगवेगळे का, तर ते ठरवले वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली वीज द्यायला सुरुवात झाली ती ११० व्होल्टच्या आसपास, कारण तेव्हाच्या कार्बनच्या दिव्यांना ते सोयीचं होतं. बर्लिनमध्ये १८९९ च्या सुमारास २२० वर जायला सुरुवात झाली, कारण दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि तांबं वाचतं. युरोप त्या वाटेने गेला, अमेरिकेत तोवर घरोघरी ११० ची उपकरणं पोचली होती म्हणून ते तिथेच राहिले आणि हळूहळू १२० वर आले. जपान १०० वर राहिला. हे सगळं होईपर्यंत भिंतीतला सॉकेट कसा असावा याचा कुणी एकत्र विचार केलाच नव्हता, सुरुवातीला तर उपकरणं दिव्याच्या होल्डरमध्येच पिळून लावायचे.

आपला गोल तीन पिनांचा प्लग ब्रिटिशांचा. त्याचं १९३४ चं प्रमाण आपण आजही थोड्याफार फरकाने वापरतो, परदेशी तक्त्यात त्याला टाइप डी म्हणतात. गंमत अशी की खुद्द इंग्लंडने १९४७ मध्ये चपट्या तीन पिनांचं नवं प्रमाण आणलं, आत फ्यूज असलेलं, कारण युद्धानंतर तांब्याची टंचाई होती आणि कमी वायरीत घरभर एकच गोल वळसा, म्हणजे रिंग, फिरवायची होती. सिंगापूर, हाँगकाँग आणि पुढे आखाती देशांतही तेच चपटे पिन गेले. आपण जुन्यावरच राहिलो.

आणि मला वाटतं मुंबईकराची चुकीची सवय इथून लागली. सत्तर-ऐंशीच्या दशकात दुबई, कुवेतहून येणाऱ्यांनी टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या आणल्या, प्लग चपट्या पिनांचे. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून साधा कन्व्हर्जन प्लग आणला, किंवा प्लग कापून आपला लावला, की वस्तू चालू. चालायचीच, कारण दोन्हीकडे दाब २२०-२४० च्या घरातला. डोक्यात पक्कं बसलं की प्लग बसला म्हणजे वस्तू चालते. मग अमेरिकेहून कुणी १२० व्होल्टचा हेअर ड्रायर आणला, त्यालाही तसाच प्लग लावला आणि तो मिनिटभरात जळला. लिहिलेले वॅट १२०० असले तरी कॉइल तीच आणि दाब जवळजवळ दुप्पट, म्हणून करंटही जवळजवळ दुप्पट, आणि उष्णता दोघांच्या गुणाकाराने वाढते, म्हणजे २३० वर तोच ड्रायर चार हजार चारशे वॅटच्या आसपास ओढायला बघतो. उलट दिशेला अशा कॉइलच्या वस्तूला धोका नाही पण उपयोगही नाही, इथली पंधराशे वॅटची किटली तिकडे १२० वर जेमतेम चारशे वॅट देते आणि चहाचं पाणी उकळायला फार वेळ लागतो.

आकार पाहून दाब कळत नाही याचा सगळ्यात ठोस पुरावा ब्राझीलचा आहे, आणि त्यांचा सॉकेटचा निर्णय मला स्वतःला पटत नाही. जगभर एकच प्लग असावा म्हणून १९८६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रमाण निघालं, तीन गोल पिन, तेही २५० व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी म्हणून. कमी दाबाच्या देशांसाठी चपट्या पिनांचा दुसरा नमुना होता, म्हणजे आकार पाहूनच दाब कळावा अशी सोय मुळात केली होती. युरोपने नव्वदच्या दशकात तो नाद सोडला, सगळी घरं पुन्हा वायर करायचा खर्च कोण करणार. ब्राझीलने मात्र तो गोल पिनांचा नमुना थोडा बदलून घेतला, पण ब्राझीलमध्ये काही भागात १२७ व्होल्ट आहेत आणि काही भागात २२०, आणि दोन्हीकडे सॉकेट एकच. काही इमारतींत तर एकाच घरात दोन्ही. बाजू घेणारे म्हणतात की निदान पिनांना हात लागणार नाही असं खोल सॉकेट सगळ्यांना मिळालं, आधी दहा प्रकार होते, आणि ते खरंही आहे. पण एकच भोक दोन दाबांना ठेवलं की माणसाला आकारावर विश्वास ठेवायची संधीच उरत नाही, त्याला लेबल वाचावंच लागतं.

लेबलाकडे जायच्या आधी एक लाल बटण. ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा दोन हजारच्या आसपास कॉम्प्युटर असेंबल करून घेतलाय त्यांना आठवेल, कॅबिनेटच्या मागे पॉवर सप्लायवर छोटा लाल स्विच, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. आमच्याकडे पहिला पीसी आला तेव्हा असेंबल करणाऱ्याने तो ११५ वरच ठेवला होता, चालू केल्याबरोबर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास. कारण असं, की ११५ वर ठेवल्यावर आतलं सर्किट आलेला दाब दुप्पट करून घेतं, म्हणजे दोन्ही देशांत आत शेवटी तेवढेच सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी मिळावेत. २३० आले आणि तेही दुप्पट झाले की साडेसहाशे, आतले दोन मोठे कपॅसिटर दोनशे-दोनशे व्होल्टचे, ते फुटणारच. म्हणजे देश निवडायचं काम तेव्हा माणसाच्या बोटावर होतं.

लॅपटॉप चार्जरमध्ये ते बटण गेलं. आत एसीचं डीसी होतं, मग ते डीसी सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करून चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला दिलं जातं, आणि बाहेर किती व्होल्ट मिळताहेत ते बघत सर्किट स्वतःच ठरवतं की प्रत्येक वेळी किती क्षण चालू ठेवायचं. दाब जास्त असेल तर थोडे क्षण, कमी असेल तर जास्त. म्हणून लॅपटॉपचा चार्जर हा स्वतःच कन्व्हर्टर, म्हणजे दाब बदलणारी वस्तू, आहे, त्याच्या पुढे दुसरा कन्व्हर्टर लावायची गरज नाही.

परवा आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली, तिच्या चार्जरवर हे होतं:

```
INPUT: 100-240V~ 1.7A 50-60Hz
OUTPUT: 19.5V⎓3.34A 65W
```

पहिली ओळच बघायची. शंभर म्हणजे जपान, दोनशे चाळीस म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचं जुनं प्रमाण, सगळं जग या दोन आकड्यांच्या मध्ये बसतं. जपानमध्येच पूर्वेला पन्नास हर्ट्झ आणि पश्चिमेला साठ, कारण सुरुवातीला पूर्वेकडे यंत्रं जर्मनीहून आली आणि पश्चिमेकडे अमेरिकेहून, म्हणून तोही पट्टा लेबलवर हवा. आपल्याकडे रात्री दाब २४५ झाला म्हणून घाबरू नका, असे चार्जर साधारण दहा टक्के वर-खाली धरून बनवलेले असतात. लहरीची खूण म्हणजे एसी, सरळ रेघ आणि खाली तुकडे म्हणजे डीसी.

तिच्या वडिलांनी वरच्या ओळीचा गुणाकार केला, शंभर गुणिले १.७, एकशे सत्तर आले, आणि दुकानदाराने दोनशे वॅटचा कन्व्हर्टर काढून दिला. तो १.७ अँपिअर म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थितीत ओढला जाऊ शकणारा करंट, रोजचा खर्च नाही. प्रत्यक्ष काम खालच्या ओळीत आहे, साडेएकोणीस गुणिले ३.३४ म्हणजे पासष्ट वॅट. कन्व्हर्टर परत करायला लावला.

तिच्या हेअर स्ट्रेटनरवर मात्र 220-240V~ एवढंच होतं, तो इथेच ठेवायला सांगितला. सोळाशे वॅटपर्यंत चालेल असं लिहिलेले जे हलके, स्वस्त प्रवासी कन्व्हर्टर मिळतात ते लाट कापून सरासरी कमी करतात, साध्या कॉइलच्या वस्तूला चालतं, लॅपटॉप चार्जर त्याच्या मागे लावला तर चार्जर किंवा कन्व्हर्टर यातलं काहीतरी जातं. खरा ट्रान्सफॉर्मरवाला तेवढ्या वॅटचा घ्यायचा तर वजन काही किलो होतं. शंभर ते २४० लिहिलेला स्ट्रेटनर तिकडे घेणं सोपं.

प्लगसाठी मी तिला अडॅप्टर घेऊच नको म्हटलं. चार्जरच्या ठोकळ्यातून भिंतीकडची वायर वेगळी निघते, बऱ्याच चार्जरला ती तीन गोलांची, मिकी माऊससारखी असते. तिकडे पोचल्यावर तिथलीच वायर घेतली की तीन पिनांतून अर्थिंगही मिळतं. दोन पिनांच्या अडॅप्टरवर अर्थ तुटतं आणि मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, तो चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून येणारा अगदी बारीक करंट असतो.

फक्त परत येताना ती वायर इथे आणून पिनांना कन्व्हर्जन लावून वापरू नकोस, हेही सांगितलं, कारण अमेरिकन प्लगच्या तोंडावर 125V कोरलेलं असतं. ठोकळा २४० पर्यंतचा असला तरी ती वायर तशी नाही. आपली जुनी सहा अँपिअरची, २५० व्होल्टची वायर आईने कपाटात जपून ठेवली आहे.